सोसायटीच्या इतिवृत्तातला ‘मी’ कोण: अवतरणचिन्ह, स्वल्पविराम आणि एक अडकलेलं बिल

## पार्श्वभूमी

लातूरमधली एक मध्यम आकाराची गृहनिर्माण सोसायटी. नाव सांगत नाही, माणसांची नावंही नाहीत, पदांवरूनच बोलू. मी मुद्रितशोधनाची कामं करते, लग्नपत्रिकेपासून संस्थांच्या अहवालांपर्यंत, आणि या सोसायटीतल्या अध्यक्षबाई माझ्या ओळखीच्या म्हणून हे प्रकरण माझ्याकडं आलं.

लातुरात पाण्याचा विषय निघाला की माणसं हळवी होतात. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलेलं गाव आहे हे, त्यामुळं इथल्या सोसायट्यांच्या सभेत टँकर, बोअर आणि टाकी यावर जितकी चर्चा होते तितकी दुसऱ्या कशावरच होत नाही. या सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा सप्टेंबरमध्ये झाली (कायद्यानं ती ३० सप्टेंबरच्या आत घ्यायचीच असते) आणि त्यात दोन महत्त्वाचे विषय होते. एक, उन्हाळ्यात मागवलेल्या टँकरचे १८,००० रुपये कोणी भरले आणि ते कुणाला परत द्यायचे. दोन, बोअर खोल करणं, नवी मोटर बसवणं आणि टाकी दुरुस्त करणं, यासाठी किती खर्चाला मंजुरी.

इतिवृत्त लिहिलं सचिवांनी. तरुण माणूस, पुण्यातल्या कंपनीचं काम घरून करणारा, दिवसभर इंग्रजीत ईमेल लिहिणारा. मराठी छान बोलतो, पण औपचारिक मराठी लिहायची वेळ शाळेनंतर पहिल्यांदाच आलेली. त्यानं मन लावून, नीटनेटकं इतिवृत्त लिहिलं आणि कच्ची प्रत हरकतींसाठी सगळ्या सभासदांना पाठवली. भांडण तिथून सुरू झालं.

## अडचण

पहिली हरकत खजिनदारांची. खजिनदार म्हणजे निवृत्त शिक्षक, सगळे त्यांना सर म्हणतात. त्यांनी ज्या वाक्यावर लाल पेन फिरवला ते असं होतं:

> खजिनदार म्हणाले की, मी टँकरचे १८,००० रुपये भरले आहेत, याची पावती सचिवांकडे आहे।

सर म्हणाले, हे वाचून वाटायलंय की पैसे सचिवानं भरले. सचिव म्हणाला, “सर, म्या कुठं तसं लिहिलंय? तुमचंच वाक्य हाय की ते.” दोघंही खरं बोलत होते, अडचण वाक्यातच होती.

याच इतिवृत्तात वर दोन ठिकाणी सचिवानं स्वतःबद्दल ‘मी’ वापरलेला होता, ‘मागील सभेचे इतिवृत्त मी वाचून दाखवले’ वगैरे. खाली सहीपण त्याचीच. मग मधेच आलेला हा ‘मी’ कुणाचा? इंग्रजीत हा प्रश्न सहसा येत नाही, कारण तिथं दुसऱ्याचं बोलणं आपल्या शब्दांत सांगताना सर्वनाम बदलावंच लागतं, ‘आय’चा ‘ही’ होतो, आपण शाळेत घोकलेलं असतं ते. मराठीत तसं बंधन नाही. ‘तो म्हणाला की मी येतो’ या वाक्यात मी म्हणजे तो असू शकतो आणि मी म्हणजे सांगणारासुद्धा असू शकतो, दोन्ही चालतं. बोलताना आवाजावरून, बघण्यावरून कळतं. कागदावर ते जातं.

आणि वाक्याचा शेवट बघा. ‘याची पावती सचिवांकडे आहे’ हे कोण म्हणतंय? सर म्हणतायत, की इतिवृत्त लिहिणारा सभेच्या वतीनं नोंदवतोय? सरांचा दावा असेल तर पावती शोधावी लागेल, नोंदवलेली वस्तुस्थिती असेल तर सचिवानं पावती मिळाल्याचं कबूल केलं असा त्याचा अर्थ होतो. मधे नुसता एक स्वल्पविराम आहे आणि त्याला दोन स्वतंत्र वाक्यं बांधून ठेवायचं काम दिलंय, जे त्याच्यानं होत नाही. ‘की’ बोलणं कुठं सुरू होतं ते सांगतं, पण संपतं कुठं ते सांगत नाही. सगळ्या प्रकरणाचं मूळ मला तिथं दिसलं.

दुसरी हरकत ठरावाची. ठराव असा लिहिला होता:

> सभेने ठरवले की बोअर खोल करणे, नवीन मोटर, व टाकीची दुरुस्ती १,५०,००० रुपयांच्या मर्यादेत करावी।

इतिवृत्तावर हरकती चालू होत्या तेवढ्यात काम झालंसुद्धा, पाण्याला कोण थांबणार. बोअरचे ७८,०००, मोटरचे ५२,००० आणि टाकीचे ६१,०००, म्हणजे एकूण १,९१,००० रुपये. मर्यादेपेक्षा ४१,००० जास्त. कमिटीतल्या एका सभासदानं मुद्दा काढला की ‘व’च्या आधी स्वल्पविराम आहे, म्हणजे टाकीची दुरुस्ती वेगळी आणि मर्यादा फक्त तिला लागू, मग खर्च मर्यादेतच आहे. आधाराला त्यांनी अमेरिकेतला खटला सांगितला, मेन राज्यातल्या एका डेअरीच्या ड्रायव्हर लोकांचा. तो खटला खरा आहे. ओव्हरटाइमच्या कायद्यातल्या यादीत शेवटच्या ‘किंवा’च्या आसपास स्वल्पविराम नव्हता, त्यावरून २०१७ मध्ये अपील कोर्टानं ड्रायव्हर लोकांच्या बाजूनं निकाल दिला आणि पुढच्या वर्षी ५० लाख डॉलरवर तडजोड झाली. हे ऐकून बरीच मंडळी गप्प बसली.

तिसरं भांडण दुरुस्तीतून निघालं. पहिल्या हरकतीनंतर सचिवानं घाईघाईत वाक्य बदलून ग्रुपवर टाकलं:

> खजिनदारांनी "स्वतः" पैसे भरले असल्याचे सांगितले।

त्याला ‘स्वतः’वर जोर द्यायचा होता, ईमेलमध्ये शब्द ठळक करतो तसा. सरांनी वाचलं ते असं की मी ‘स्वतः’ म्हणतोय आणि सचिव म्हणतोय, बघा म्हणे स्वतः. टोमणा. सर त्या दिवशी ग्रुपमधून बाहेर पडले.

## कागद हातात आल्यावर काय दिसलं

अध्यक्षबाईंनी मला सगळं इतिवृत्त दिलं आणि म्हणाल्या, “ताई, शुद्धलेखन बघून घ्या, ऱ्हस्वदीर्घ चुकलं असंल.” ऱ्हस्वदीर्घ जवळपास नीट होतं. गोंधळ होता तो विरामचिन्हांत, आणि बराचसा एकाच जातीचा, इंग्रजी वाक्याची चाल मराठीवर चढवलेली.

जवळजवळ प्रत्येक परिच्छेद ‘तसेच,’ किंवा ‘मात्र,’ किंवा ‘त्यामुळे,’ असा सुरू होत होता, पुढं स्वल्पविराम ठोकून. इंग्रजी ईमेलमध्ये असे शब्द वाक्याच्या तोंडाशी येतात आणि त्यांच्यानंतर स्वल्पविराम असतो, तीच सवय. मराठीत ‘मात्र’ सहसा ज्या शब्दावर बोट ठेवायचं त्याच्या मागं येऊन चिकटतं. ‘सभासदांनी मात्र विरोध केला’ म्हणजे बाकीच्यांनी केला नाही. ‘सभासदांनी विरोध मात्र केला’ म्हणजे विरोध तेवढा केला, पुढं काही नाही. ‘मात्र, सभासदांनी विरोध केला’ लिहिलं की ही छटा सगळी सपाट होते. चूक म्हणून कुणी मार्क कापणार नाही, पण इतिवृत्तात कुणी विरोध केला आणि कुणी नाही हे महत्त्वाचंच असतं ना.

वाक्याच्या शेवटी कुठं टिंब, कुठं दंड, दोन ठिकाणी तर कीबोर्डवरची उभी रेघ. अर्धं इतिवृत्त फोनवर हिंदी कीबोर्डनं टाइप केलेलं, त्यामुळं दंड आले. आजच्या मराठी गद्यात पूर्णविराम म्हणजे टिंब, दंड हिंदीचा. आपल्याकडं दंडाची जागा ओवी-अभंगात आहे आणि तिथं तो राहायलाच पाहिजे. हे फक्त शिस्तीचं भांडण नाही. दंड अक्षराला चिकटून आला आणि झेरॉक्स जरा काळी निघाली की तो काना वाटतो, ‘ठराव मंजूर।’ चं ‘मंजूरा’ दिसतं. हे काम सोपं होतं, शोधा-आणि-बदला मध्ये `।` च्या जागी `.` आणि मग `|` च्या जागी `.`, दोन्ही चिन्हं वेगळी आहेत म्हणून दोनदा करावं लागतं. शेवटी ओवी असेल तर ती आधी बाजूला काढून ठेवायची, नाहीतर तिचेही दंड जातात.

## कोणते पर्याय होते

खरा विचार करावा लागला तो टँकरच्या वाक्याचा. तीन वाटा होत्या.

एक वाट म्हणजे सरांचं बोलणं जसंच्या तसं अवतरणात:

> खजिनदार म्हणाले, “टँकरचे १८,००० रुपये मी भरले आहेत. पावती सचिवांकडे आहे.”

इथं शंका उरत नाही. बोलणं कुठं सुरू आणि कुठं बंद ते दिसतं, ‘मी’ सरांचा हे दिसतं, पावतीचं विधानही त्यांचंच हे दिसतं. दुहेरी अवतरणचिन्ह याच कामाचं, बोलणाऱ्याचे नेमके शब्द. फक्त एक पथ्य पाळायचं, अवतरण लावलं की ‘की’ नको. ‘म्हणाले की, “मी…”’ असं हल्ली सर्रास दिसतं, त्यात आपल्या शब्दांत सांगणं आणि त्यांच्या शब्दांत सांगणं यांची सरमिसळ होते. आणि अवतरणानंतर ‘असे ते म्हणाले’ येणार असेल तर आत पूर्णविराम देऊ नये, स्वल्पविराम द्यावा, कारण वाक्य अजून चालू आहे. पूर्णविराम दिला की ‘असे ते म्हणाले’ हे शेपूट एकटं लोंबत राहतं.

दुसरी वाट, ‘की’ ठेवून सर्वनाम बदलायचं. ‘खजिनदार म्हणाले की त्यांनी टँकरचे पैसे भरले आहेत.’ सचिवाला हीच आवडली, कारण इंग्रजीचा साचा तसाच्या तसा बसतो. पण मग ‘त्यांनी’ म्हणजे कोणी? अध्यक्षबाईंनी? मराठीत आदरार्थी ‘त्यांनी’ बाईंनाही चालतं, सरांनाही चालतं आणि दहा माणसांनाही चालतं. एक ‘मी’ काढून आपण त्याहून मोठा घोळ आत घेतला असता.

तिसरी वाट मराठीची जुनी:

> टँकरचे १८,००० रुपये स्वतः भरले असून पावती सचिवांकडे दिली आहे, असे खजिनदारांनी सांगितले.

यात बोलणं आधी आणि ‘असे सांगितले’ शेवटी, म्हणजे ‘की’ला जे जमत नव्हतं ते झाकण लावायचं काम ‘असे’ करतं. ‘असे’च्या आधी जे आलं ते सगळं सरांचं. ‘मी’ नाही, ‘त्यांनी’ नाही, ‘स्वतः’ला अवतरण नाही. यात एक बदल सरांना विचारून केला. ‘पावती सचिवांकडे आहे’ आणि ‘पावती सचिवांकडे दिली आहे’ यात फरक आहे, दुसऱ्यात देणारा सर आहेत. सर म्हणाले, हो, मीच दिली, सभेतही तेच म्हणलो होतो.

पहिली आणि तिसरी, दोन्ही बिनचूक. मी तिसरीच्या बाजूनं होते आणि त्याचं कारण पूर्ण व्यवहाराचं आहे. इतिवृत्त पुढच्या सभेत मोठ्यानं वाचून दाखवतात आणि मग कायम करतात. अवतरणचिन्ह ऐकू येत नाही. ‘खजिनदार म्हणाले टँकरचे पैसे मी भरले आहेत’ हे सचिवाच्या तोंडून वाचलं गेलं की ‘मी’ पुन्हा लटकला, आणि ऐकणाऱ्या निम्म्या लोकांच्या हातात कागदही नसतो. जो कागद कानानं तपासला जाणार आहे त्यात अर्थाचा भार शब्दांवर ठेवावा, चिन्हावर टाकू नये.

जुन्या कागदांत हे अगदी दिसतं. मोडीत तर विरामचिन्हंच नव्हती, शब्दसुद्धा सुटे लिहीत नसत, आधी ओळभर रेघ ओढायची आणि खाली लिहीत जायचं. तरी सनदा, करारनामे, पत्रं त्यातच झाली, कारण वाक्याचा शेवट क्रियापद सांगायचं, दुसऱ्याच्या बोलण्याचा शेवट ‘म्हणोन’ सांगायचं आणि पत्राचा शेवट ‘बहुत काय लिहिणे’ सांगायचं. चिन्हं आपल्याकडं छापखान्याबरोबर इंग्रजीतून आली, एकोणिसाव्या शतकात मेजर कँडी यांनी ती मराठीत रुजवली असं मानतात, आणि ती फार उपयोगाची आहेत, मी पोट त्यांच्यावरच भरते. पण चिन्ह इंग्रजीतून आलं म्हणून ते बसवायची जागाही इंग्रजीतूनच आणायची असं नाही.

ठरावाच्या बाबतीत पर्याय कमी होते. मराठीत यादीतल्या शेवटच्या ‘व’ किंवा ‘आणि’च्या आधी स्वल्पविराम देत नाहीत, ‘बोअर, मोटर व टाकी’ असंच लिहितात. म्हणजे तो स्वल्पविराम सवयीनं आलेला, त्यात हेतू नव्हता, आणि सचिवानंही तसंच सांगितलं. त्यावर अर्थ उभा करणं चूक. पण नुसता तो काढून टाकला असता तर अर्थ पक्का झाला असता का? नाही. ‘बोअर खोल करणे, नवीन मोटर व टाकीची दुरुस्ती १,५०,००० रुपयांच्या मर्यादेत’ यातही कुणी म्हणू शकतो की प्रत्येक कामाला दीड लाख. स्वल्पविरामानं हे वाक्य बिघडवलं नव्हतं आणि स्वल्पविरामानं ते सुधारणारही नव्हतं. अमेरिकेतला खटलासुद्धा इथं लागू पडत नव्हता, कारण तिथं शेवटचा स्वल्पविराम द्यायचा की नाही यावर लिहिणाऱ्यांत दोन पंथ आहेत म्हणूनच वाद उभा राहतो. मराठीत तसे दोन पंथ नाहीत.

## काय केलं

अध्यक्षबाईंच्या घरी सचिव, सर आणि मी बसलो. सर यायला तयार नव्हते, बाई स्वतः जाऊन घेऊन आल्या. सचिवानं आल्याआल्या सांगितलं, “सर, ते अवतरण जोर द्यायला होतं, तुम्हाला बोलायला नव्हतं.” सर म्हणाले, “अरे बाळा, जोर द्यायचा तर एकेरी देत असतेत. दुहेरीत माणसाचं बोलणं असतंय.” शाळेत शिकवतात तो नियम हाच. मी एवढंच जोडलं की ‘स्वतः’ला तर एकेरीही नको, तो शब्द आपणच जोर घेऊन येतो, आणि ज्या शब्दाच्या खरेपणावरच वाद आहे त्याला कुठलंही अवतरण लावलं तरी शंकाच दिसते.

टँकरचं वाक्य तिसऱ्या वाटेनं लिहिलं. मग सगळ्या इतिवृत्तातला ‘मी’ काढून तिथं ‘सचिवांनी’ केलं. ‘म्हणाले की’ची जवळपास सगळी वाक्यं ‘असे सांगितले’त फिरवली, जिथं ‘की’ ठेवावंच लागलं तिथं स्वल्पविराम दिला नाही. यावर मराठीत खरंच एकमत नाही, कुणी ‘म्हणाले, की’ लिहितं, कुणी ‘म्हणाले की,’ तर कुणी नुसतं ‘म्हणाले की’. उपवाक्याची सीमा मानली तर आधी येतो, बोलताना दम घेतो ती जागा मानली तर नंतर. मी नुसतं ‘की’ ठेवते, कारण सांधायचं काम तो शब्दच करतो, पण तिन्हीतलं कुठलंही चालेल, फक्त एका कागदात एकच पाहिजे.

ठरावाचे शब्द मात्र आम्ही बदलले नाहीत. सचिव म्हणत होता, “‘तिन्ही कामांचा एकूण खर्च’ एवढं घालून टाकू की, अर्थ तोच हाय.” अध्यक्षबाईंनी थांबवलं आणि माझ्या मते ते सगळ्यात शहाणपणाचं होतं. सभेत जे मंजूर झालं ते तेवढ्याच शब्दांत झालं होतं. विरामचिन्ह सुधारणं वेगळं आणि मंजूर ठरावात शब्द घालणं वेगळं. तेव्हा फक्त ‘व’च्या आधीचा स्वल्पविराम आणि शेवटचा दंड गेला, आणि अर्थाचा प्रश्न विशेष सर्वसाधारण सभेपुढं ठेवायचं ठरलं.

## काय झालं

सरांनी हरकत मागं घेतली. पावती सचिवाच्या फाइलीत निघाली, त्यांना १८,००० रुपये चेकनं मिळाले.

विशेष सभेत अमेरिकेचा मुद्दा पुन्हा निघाला, पण सचिवानं उठून सांगितलं की स्वल्पविराम माझ्या सवयीनं पडला होता, त्यात काही हेतू नव्हता, तेव्हा तो तिथंच मिटला. सभेला आलेल्या बहुतेकांना मर्यादा तिन्ही कामांची मिळून होती असंच आठवत होतं. म्हणजे ४१,००० रुपये मंजुरीबाहेर गेले होते. बिलं तपासून वाढीव खर्चाला वेगळी मंजुरी दिली, दोघांनी विरोध नोंदवला. या वेळचा ठराव असा होता: ‘बोअर, मोटर व टाकी या तिन्ही कामांचा मिळून एकूण खर्च १,९१,००० रुपये झाला. त्यापैकी मूळ मर्यादेपेक्षा जास्त झालेल्या ४१,००० रुपयांना ही सभा मंजुरी देते.’ एकाच्या जागी दोन छोटी वाक्यं आणि अर्थ कुठल्याही स्वल्पविरामावर टांगलेला नाही.

## वेगळं काय करता आलं असतं

ठराव मताला टाकायच्या आधी लिहून, मोठ्यानं वाचून घेतला असता तर ‘सगळं मिळून की प्रत्येकी’ हा प्रश्न तिथंच कुणीतरी विचारला असता. पैशाचा ठराव असेल तर ‘मिळून’ किंवा ‘प्रत्येकी’ यातला एक शब्द त्यात असलाच पाहिजे, हे मी आता ज्या संस्थेचा कागद हातात येतो तिला सांगते.

पैसे कोणी दिले, कोणी घेतले ही नोंद सभेतच दोघांना विचारून पक्की करता आली असती, त्याला दोन मिनिटं लागतात. आणि दुरुस्त केलेलं वाक्य ग्रुपवर टाकायच्या आधी ज्याच्याबद्दल आहे त्याला दाखवायला हवं होतं. सर दोन मजले वर राहतात.

एका गोष्टीवर माझं आणि सचिवाचं अजून जमलेलं नाही. त्याचं म्हणणं, वादाच्या विषयात माणसाचे नेमके शब्द अवतरणातच असावेत, ‘असे सांगितले’ म्हणलं की लिहिणारा शब्द बदलू शकतो, जसे आपण ‘आहे’चं ‘दिली आहे’ केलं. यात दम आहे. सरांना विचारलं म्हणून ते चाललं, न विचारता केलं असतं तर तो सरळ फेरफार झाला असता. त्यामुळं आता त्यांच्याकडं असं ठरलंय की कुणी ‘माझं बोलणं शब्दशः नोंदवा’ म्हणलं तर ते दुहेरी अवतरणात घ्यायचं, आणि वाचून दाखवताना सचिवानं आधी ‘त्यांचे शब्द असे’ आणि शेवटी ‘येथे त्यांचे शब्द संपले’ हे तोंडानं म्हणायचं.